फाउंडरच्या नावाने पोस्ट लिहायची, पण ती त्याचीच वाटली पाहिजे. कसं जमवता?

मृण्मयी_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये फ्रीलान्स लेखन करते. सध्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीचं काम आलंय. कांद्याच्या चाळीत बसवायचे तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर ते बनवतात. फाउंडर मूळचे निफाड तालुक्यातले, घरी कांदा आणि द्राक्षं. त्यांच्या नावाने लिंक्डइनवर पंधरा दिवसांतून एक पोस्ट टाकायची, असं ठरलंय.

कंपनीचं माहितीपत्रक आणि साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले चार मुद्दे एवढ्यावर मी पहिला मसुदा केला. सुरुवात अशी होती:

"शेतीमालाच्या साठवणुकीत होणारं नुकसान ही आपल्यासमोरची मोठी समस्या आहे. योग्य वेळी मिळालेली अचूक माहिती शेतकऱ्याला सक्षम बनवते. आमचा प्रवास याच विश्वासातून सुरू झाला."

साहेबांचं उत्तर आलं, "यात चूक काहीच नाही. पण हे मी बोलत नाही."

त्यांचं म्हणणं मला पटतं. प्रत्यक्ष भेटीत हा माणूस फार वेगळं बोलतो. प्रश्न असा की तो आवाज कागदावर आणायचा कसा? आणि मतं त्यांची, किस्से त्यांचे, वाक्यं माझी, तर माझी हद्द नेमकी कुठे संपते?

---

पंचवटीचा_पंत

सोपं आहे. प्रत्येक माणसाचे काही ठरलेले शब्द असतात. आमचे एक साहेब दर वाक्याला "मुद्दा काय आहे" म्हणतात. ते शब्द टिपून ठेवायचे आणि मसुद्यात पेरायचे. लगेच त्यांचा वाटतो.

---

सिन्नरची_सुषमा

मृण्मयीताई, माझ्या भाच्याला जर्मनीला एमएससाठी अर्ज करायचाय. त्याच्या एसओपीसाठी असं कुणी लिहून देतं का? दर काय असतो?

---

मृण्मयी_गंगापूररोड

सुषमाताई, एसओपी त्याचं त्यानेच लिहिलेलं बरं. बरीच विद्यापीठं ते स्वतः लिहिल्याचं लिहून घेतात. लिहून झाल्यावर कुणाकडून तपासून घ्या हवं तर. वेगळा धागा काढलात तर तिकडे बोलू.

पंत, मी तेही करून पाहिलं. साहेब "हे बघा" फार म्हणतात. मसुद्यात तीन ठिकाणी घातलं, तर त्यांच्या बायको हसल्या आणि म्हणाल्या की ही तर यांची नक्कल झाली.

---

विदुला_र

बरीच वर्षं हेच काम करते आहे, आधी पुण्यात आणि आता नाशिकमध्ये. थोडं सविस्तर लिहिते.

पंत म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. ठरलेले शब्द ही आवाजाची सगळ्यात वरची साल. "हे बघा" एका पोस्टमध्ये एकदा आलं तर ओळख पटते, तीनदा आलं की मिमिक्री होते. खरा आवाज असतो तो माणूस विचार कोणत्या क्रमाने मांडतो त्यात. काही जण आधी निष्कर्ष सांगतात आणि मग कारण. काही जण आधी समोरच्याचं बोलणं सांगतात आणि मग स्वतःचं. कुणी आकडा देतो, तर कुणी माणूस दाखवतो. "मला वाटतं" म्हणतो की ठासून बोलतो? स्वतःला चूक ठरवतो का, आणि ठरवताना कोणत्या शब्दांत? हे पकडलंत तर "हे बघा" एकदाही न येता पोस्ट त्याची वाटते.

आणि हे मुद्द्यांच्या यादीतून मिळत नाही. मृण्मयी, तुझी अडचण तिथेच आहे. माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर मुद्दे लिहायला बसला की तोही माहितीपत्रकाच्या भाषेत लिहितो. बोलतं करावं लागतं आणि रेकॉर्ड करावं लागतं, अर्थातच विचारून.

मी पाऊण तासाच्या आसपास बोलते, त्यापेक्षा जास्त नाही. शक्यतो केबिनमध्ये बसत नाही. शॉपवर फिरत फिरत, नाहीतर गाडीतून साइटवर जाताना. केबिनमध्ये बसला की फाउंडर मुलाखत देतो. हातात वस्तू असली की बोलतो.

प्रश्न मतावर विचारायचा नाही, प्रसंगावर विचारायचा. "कृषी तंत्रज्ञानाचं भविष्य काय?" असं विचारलंत तर तुमच्या पहिल्या मसुद्यासारखंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, "या विषयावर शेवटचा वाद कुणाशी झाला? तो काय म्हणाला?" किंवा "तुमच्या धंद्यातली मंडळी सगळीकडे जे सांगत फिरतात, त्यातलं तुम्हाला काय पटत नाही?" किंवा "कोणत्या गिऱ्हाइकाने तुम्हाला निरुत्तर केलं?" मत त्यातून आपोआप बाहेर पडतं आणि सोबत गोष्टही येते.

रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवून काढायचं. अडखळणं, अर्धी वाक्यं, मध्येच आलेलं हिंदी, सगळं ठेवायचं. साफ करून उतरवलंत की आवाज तिथेच पुसला जातो, मग पुढे कितीही कष्ट घ्या.

---

हरीश_डोंबिवली

मला मुळात हेच पटत नाही. वाचणारा समजतो की या माणसाने रात्री बसून स्वतः लिहिलंय. "मी", "माझा अनुभव", "मी शिकलो", आणि लिहिणारा दुसराच. ही फसवणूक आहे. मंत्र्याचं भाषण दुसरा लिहितो हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे तसं नाही.

---

अंबडचा_कारखानदार

हरीशराव, मी दुसऱ्या बाजूने सांगतो. माझी शीट मेटलची युनिट आहे आणि माझ्या पोस्ट एक ताई लिहितात. मी तोंडी सांगतो, त्या मांडतात. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं, ते सांगायचे आणि शेजारचे मास्तर पत्र लिहायचे. ते पत्र मास्तरांचं होतं का?

पण तुमची शंका कुठे खरी ठरते तेही सांगतो. आधी एका एजन्सीकडे काम दिलं होतं. त्यांनी माझ्या नावाने "अपयशाने मला काय शिकवलं" म्हणून एक पोस्ट लिहिली. त्यात मी एका रात्री कारखान्यात एकटा बसून रडलो होतो म्हणे. असं काही घडलंच नव्हतं. त्या दिवशी काम बंद केलं. माझे कामगार ती पोस्ट वाचणार होते, आणि ते तर त्या काळात तिथेच होते.

---

विदुला_र

कारखानदार साहेबांचा किस्सा हाच हद्दीचा प्रश्न आहे. माझा नियम असा: कापायचं, क्रम बदलायचा, वाक्य सरळ करायचं, हे माझं काम. अनुभव, मत आणि भावना माझ्याकडून एक चिमूटभरही घालायची नाही. मसुदा झाला की प्रत्येक वाक्याशेजारी मी रेकॉर्डिंगमधली वेळ लिहिते, हे वाक्य कुठून आलं ती. ज्या वाक्यापुढे वेळ लिहिता येत नाही ते वाक्य माझं. ते जोडवाक्य असेल तर राहू दे. मत किंवा प्रसंग असेल तर जातं, नाहीतर फोन करून विचारायचं.

गंमत म्हणजे, बिनवेळेची वाक्यं बहुतेकदा पोस्टच्या शेवटी सापडतात. लिहिणाऱ्याला शेवट "छान" करायचा मोह होतो आणि फाउंडर जे कधी बोललाच नाही ते तात्पर्य तिथे येऊन बसतं.

---

मृण्मयी_गंगापूररोड

विदुलाताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे काल साहेबांबरोबर पिंपळगावच्या बाजूला एका चाळीवर गेले आणि गाडीत रेकॉर्ड केलं. "कोणत्या गिऱ्हाइकाने निरुत्तर केलं" हा प्रश्न विचारला मात्र, साहेब वीस मिनिटं थांबलेच नाहीत. त्यांच्या परवानगीने एक तुकडा जसाच्या तसा देते:

"हे बघा, सेन्सर विकणं अवघड नाही. पहिल्या वर्षी आम्ही बसवले. आता पावसाळा लागला, की दमटपणा वाढला, की मोबाइलवर अलार्म. रात्री दोनला अलार्म. त्या काकांनी काय केलं, फोन बंद करून झोपले. मी गेलो, म्हटलं काका, अलार्म बघितला नाही का? तर म्हणे, बघितला ना. कांदा सडायला लागलाय हे मला वासाने पण कळतं. तू मला हे सांग, रात्री दोनला मी करू काय? ... अन् माझ्याकडे उत्तर नाही. मी इंजिनिअर. माझ्याकडे आकडा आहे, उत्तर नाही. बरोबर होतं त्यांचं. मग आम्ही पंखा जोडला. अलार्म बंद केला, पंखा चालू केला. म्हणजे आता तो झोपलेला असतो अन् पंखा चालू होतो. आता मला ते कॉन्फरन्सला बोलावतात अन् डेटा डेटा करतात ना, मला ते काका दिसतात."

त्यावरून केलेला मसुदा:

"पहिल्या वर्षी आमच्या सेन्सरने एका शेतकऱ्याला रात्री दोन वाजता अलार्म दिला. त्यांनी फोन बंद केला आणि झोपले.

मी जाऊन विचारलं, काका, अलार्म बघितला नाही का? ते म्हणाले, बघितला. कांदा सडायला लागला हे मला वासानेही कळतं. रात्री दोनला मी करू काय, ते सांग.

माझ्याकडे आकडा होता. उत्तर नव्हतं.

जूनमध्ये नुकताच कांदा चाळीत भरलेला. लाखोंचा माल. मग आम्ही अलार्म काढून पंखा जोडला. दमटपणा वाढला की पंखा चालू होतो. काका झोपलेले असतात.

शेतकऱ्याला माहिती देऊन आपलं काम संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं जमत नाही. तंत्रज्ञान माणसासाठी असतं, माणूस तंत्रज्ञानासाठी नाही."

कसं वाटतंय?

---

पंचवटीचा_पंत

पहिल्यापेक्षा शंभर पटीने भारी. "माझ्याकडे आकडा होता. उत्तर नव्हतं." इथे अंगावर काटा आला. माझं शब्द पेरण्याचं म्हणणं मागे.

---

निफाडचा_शेतकरी

ताई, पोस्ट चांगली आहे. पण "जूनमध्ये नुकताच कांदा चाळीत भरलेला" हे वाचून आमच्याकडचा कुणीही म्हणेल की लिहिणारा चाळीत उतरलेला नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढतो. शेतात सुकवतो, पात कापतो, निवडतो आणि मे उजाडेपर्यंत चाळ भरत आणतो. जूनला पाऊस लागतो तेव्हा कांदा आधीपासून आत असतो. दमटपणा वाढला की काळी बुरशी आणि सड सुरू होते. जून-जुलै सडीचे दिवस. पुढे सप्टेंबरनंतर कोंब यायला लागतात. पंख्याने सडीला फरक पडतो, कोंबाला फारसा नाही. तुमचे साहेब निफाडचे असतील तर ते असं बोलणार नाहीत.

अन् "लाखोंचा माल" हेही कुणी म्हणत नाही. किती क्विंटल ते सांगतात.

---

मृण्मयी_गंगापूररोड

दादा, मनापासून आभार. रेकॉर्डिंग परत ऐकलं. साहेब फक्त "पावसाळा लागला" एवढंच म्हणालेत. जून, "नुकताच भरलेला" आणि "लाखोंचा माल" या तिन्हींपुढे वेळ लिहिता येत नाही.

---

विदुला_र

अगदी हेच. लिहिणाऱ्याला वाटतं जरा चित्र उभं करूया, आणि जी रिकामी जागा भरायला जातो तिथेच परकेपणा उघडा पडतो. वाचकाला नेमकं काय खटकलं हे सांगता येत नाही, पण त्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. तपशील हवा असेल तर फाउंडरलाच विचारायचा. "काकांची चाळ केवढी होती? किती क्विंटल होता?" एवढा एक व्हॉइस मेसेज टाकला तरी दोन मिनिटांत उत्तर येतं, आणि ते तुम्ही रचलेल्यापेक्षा हमखास चांगलं असतं.

दुसरं, शेवटचं वाक्य, "तंत्रज्ञान माणसासाठी असतं", ते काढ. ते साहेब बोलले नाहीत. त्यांनी शेवटी काय म्हटलं बघ: "डेटा डेटा करतात ना, मला ते काका दिसतात." त्यांचा निष्कर्षसुद्धा माणूसच आहे. हाच त्यांचा विचार करायचा क्रम, आधी काका, मग स्वतःची अडचण, मग काम, आणि मत म्हणून पुन्हा काकाच.

आणि "ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमत नाही" हे मत तू धारदार केलंयस. ते कुणाशी भांडत नाहीयेत. त्यांना आठवतंय, एवढंच ते सांगतात. मत बोथट करणं जसं चूक तसं धार लावणंही चूक. उद्या खाली कुणी विचारलं, "कुणाशी जमत नाही तुमचं, नावं घ्या", तर उत्तर साहेबांना द्यावं लागणार.

"माझ्याकडे आकडा आहे, उत्तर नाही"च्या आधीचं "मी इंजिनिअर" मात्र परत घे. ते त्यांनी स्वतःहून म्हटलंय आणि सगळा भार त्या दोन शब्दांवर आहे.

---

अ‍ॅड_सई

वकिलीच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, काकांची परवानगी घ्या. नाव आणि गाव दिलं नाही तरी आसपासचे लोक ओळखतात. आणि दोन शेतकऱ्यांचे किस्से एकत्र करून एक काका बनवू नका. मजकूर खोटा ठरायला तेवढंच पुरतं.

दोन, लेखी करार करा. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क साधारणपणे मालकाचा होतो. फ्रीलान्सरचं तसं नाही, तिचा हक्क तिच्याकडेच राहतो आणि तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच धरलं जातं. फाउंडर पुढे याच पोस्टचं पुस्तक काढणार असेल तर ही कलमं तेव्हा आठवतात. गोपनीयतेचं कलमही घाला. रेकॉर्डिंगमध्ये भाव, भागीदार, बँक असं बरंच काही बोललं जातं, ते रेकॉर्डिंग कुणाकडे आणि किती दिवस राहणार हे ठरलेलं असू दे.

---

हरीश_डोंबिवली

वेळ लिहायची पद्धत आवडली, हे मान्य करतो. खोटं रडणं आणि हे काम यात फरक आहे. तरी माझा प्रश्न शिल्लक आहे. लोक अशा पोस्ट वाचून ठरवतात की हा माणूस स्पष्ट विचार करतो, याच्याबरोबर काम करावं. विचारातली ती स्पष्टता मृण्मयी यांनी आणली असेल तर?

---

अंबडचा_कारखानदार

वीस मिनिटांच्या त्या बोलण्यात स्पष्टता होतीच की. पसरलेली होती, एवढंच. पण तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. माझ्या ताई एखादा विचार माझ्यापेक्षा पुढे नेतात तेव्हा मी तो काढायला सांगतो, भले तो चांगला का असेना. मीटिंगमध्ये कुणी त्यावर प्रश्न विचारला तर मला पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे.

---

मृण्मयी_गंगापूररोड

आणखी एक अडचण आहे, त्यावर मत हवंय. त्याच रेकॉर्डिंगमध्ये साहेब निर्यातबंदीवर बोललेत:

"आम्ही शेतकऱ्याला सांगतो, साठवा, भाव येईल. अन् 2023 च्या डिसेंबरात बंदी आली. चाळीत माल, अन् भाव पडला. तो काका मला म्हणाला, तुझ्या पंख्याने कांदा टिकला, पण भाव टिकला का? साठवणुकीचं तंत्र विकणाऱ्यानं धोरणाबद्दल गप्प बसायचं हे मला पटत नाही."

दुसरी पोस्ट यावर व्हावी असं साहेबांना वाटतं. त्यांचे भागीदार म्हणतात की सरकारी योजनांमधून काम मिळतं, हे टाकू नका, किंवा "धोरणात सातत्य हवं" असं मोघम लिहा. मी काय करावं?

---

निफाडचा_शेतकरी

त्याआधी तारीख बघा. बंदी 8 डिसेंबर 2023 ला आली, बरोबर. पण तेव्हा चाळीत उन्हाळ कांदा जवळपास संपलेला असतो. बाजारात लाल कांदा येतो आणि तो साठवायचा कांदाच नाही, काढला की विकायचा. चाळ भरलेली असताना जो दणका बसला तो ऑगस्ट 2023 चा. 40 टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा. लासलगावला लिलाव बंद पडले होते, आठवत असेल. पंख्याने टिकलेला कांदा आणि पडलेला भाव ही गोष्ट ऑगस्टची असणार. दोन्ही एकाच वर्षातलं, म्हणून साहेबांच्या डोक्यात एकत्र झालं असेल.

---

विदुला_र

दादा, तुम्ही प्रत्येक घोस्टरायटरला शेजारी हवेत.

मृण्मयी, इथे दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तारखेचं. आठवण त्यांची असली तरी तथ्य तपासणं तुझं काम. पण परस्पर "ऑगस्ट" करू नकोस. फोन कर आणि विचार, "काका हे म्हणाले तेव्हा चाळीत उन्हाळ कांदा होता का?" कदाचित ऑगस्ट असेल, कदाचित ते काका लाल कांद्याबद्दल बोलत असतील आणि मग गोष्टच बदलते. आठवण दुरुस्त करायचा हक्क ज्याची आठवण त्याचा.

दुसरं मताचं. मोघम करून गुपचूप पाठवायचं नाही. "धोरणात सातत्य हवं" हे कुणीही म्हणू शकतं, मग फाउंडर कशाला हवा? दोन मसुदे कर. एक त्यांच्या बोलण्याइतकाच स्पष्ट, आणि एक ज्यात हा विषयच नाही. दोन्ही साहेबांसमोर ठेव आणि भागीदारांचं म्हणणंही सांग. टाकायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. न टाकणं हाही प्रामाणिक निर्णय आहे. मधला मिळमिळीत मसुदा मी करत नाही.

---

अ‍ॅड_सई

विदुलाताई, इथे मी थोडी वेगळी आहे. भागीदारी असेल तर एका भागीदाराच्या बोलण्याचे परिणाम दुसऱ्यालाही भोगावे लागतात. "ही माझी वैयक्तिक मतं" असं प्रोफाइलवर लिहिलं तरी ग्राहक तसं धरत नाही. सौम्य मसुदा म्हणजे दर वेळी भित्रेपणाच असं नाही. काही फाउंडर मुळातच सौम्य बोलतात.

---

विदुला_र

मुळात सौम्य बोलत असतील तर तोच त्यांचा आवाज, मान्य. पण हे साहेब रेकॉर्डिंगमध्ये सौम्य नाहीत.

---

पंचवटीचा_पंत

मसुदा मंजुरीला पाठवताना काय विचारता? आमचे साहेब नेहमी "मस्त" एवढंच लिहितात आणि पोस्ट टाकल्यावर म्हणतात, हे असं नको होतं.

---

विदुला_र

"कसं वाटलं?" असं विचारलं की "मस्त"च येणार. मी विचारते, "यातला कोणता शब्द तुम्ही कधीच बोलणार नाही?" आणि शक्य असेल तर त्यांनाच मोठ्याने वाचायला लावते, फोनवर का होईना. जिथे अडखळतात किंवा वाचता वाचता नकळत शब्द बदलतात तिथे मी खूण करते. त्यांनी बदललेला शब्दच ठेवायचा. व्याकरण बिघडत असलं तरी बहुतेकदा ठेवते.

इंग्रजीत टाकायची असेल तर मराठी पोस्टचा अनुवाद करू नका. मूळ रेकॉर्डिंगवरूनच थेट इंग्रजीत लिहा, आणि तो माणूस गिऱ्हाइकाशी जेवढं साधं इंग्रजी बोलतो तेवढंच ठेवा. निफाडचा इंजिनिअर एकदम लंडनच्या सल्लागारासारखं लिहू लागला तर पहिल्या मीटिंगलाच कळतं.

लांबीचंही सांगते. लिंक्डइन पोस्टला 3000 अक्षरांची मर्यादा आहे आणि न उघडता सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. पाऊण तासाच्या बोलण्यातला एकच प्रसंग त्यात बसतो. बाकीचे पुढच्या वेळी. म्हणून एका रेकॉर्डिंगमधून तीन-चार पोस्ट निघतात, आणि दर पंधरा दिवसांनी साहेबांचा वेळ मागावा लागत नाही.

आणि पासवर्ड घेऊ नका. खातं दुसऱ्याला वापरायला देणं लिंक्डइनच्या अटींत बसत नाही. अंतिम मजकूर पाठवा, त्यांनी स्वतः टाकावा. तेवढ्या निमित्ताने ते आणखी एकदा वाचतात. खालच्या प्रतिक्रियांना उत्तरंही त्यांनीच द्यायची. काकांची चाळ कुठल्या बनावटीची होती असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगणार?

---

मृण्मयी_गंगापूररोड

आत्ता साहेबांशी बोलले. दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला, ऑगस्टचंच होतं. साहेब म्हणाले, "बंदीचं नाव मोठं झालं म्हणून तेच तोंडात येतं." चाळीत दीडशे क्विंटल होता, हेही त्यांनीच सांगितलं. काकांना फोन लावून परवानगी घेतली. नाव नको, पण गोष्ट सांगा म्हणाले.

पहिल्या पोस्टचा बदललेला शेवट असा:

"...ते म्हणाले, बघितला ना. कांदा सडायला लागलाय हे मला वासाने पण कळतं. रात्री दोनला मी करू काय, ते सांग.

मी इंजिनिअर. माझ्याकडे आकडा होता, उत्तर नव्हतं. बरोबर होतं त्यांचं.

मग आम्ही अलार्म बंद केला आणि पंखा जोडला. दमटपणा वाढला की तो आपोआप चालू होतो, काका झोपलेले असतात. पंख्याने सड कमी होते, कोंब थांबत नाहीत. त्यावर अजून काम चालू आहे.

आता कॉन्फरन्सला बोलावतात आणि सगळे डेटा डेटा करतात, तेव्हा मला ते काका दिसतात."

कोंबाचं वाक्य दादांच्या प्रतिसादावरून मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हो, खरंय, घाला. कुणी विचारायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं." त्या फोनचीही वेळ लिहून ठेवली आहे. मोठ्याने वाचताना त्यांनी "आपोआप"च्या जागी "आपला आपण" म्हटलं, तो बदल करते.

निर्यातशुल्काच्या पोस्टचे दोन्ही मसुदे उद्या देणार आहे. भागीदारही बसणार आहेत.

---

निफाडचा_शेतकरी

आता वाचताना माणूस बोलल्यासारखा वाटतो. दीडशे क्विंटल मात्र पोस्टमध्ये टाका, सोडू नका. चाळ केवढी आणि पंखे किती, हे आमच्याकडचा शेतकरी पहिलं बघतो.

---

हरीश_डोंबिवली

मृण्मयी, निर्यातशुल्काची पोस्ट टाकायचं ठरलं तर इथे कळवा. टाकली नाही तरी कळवा. आणि साहेबांना एक विचारून बघा, लेखनसाहाय्य म्हणून तुमचं नाव प्रोफाइलवर कुठेतरी द्यायला त्यांची हरकत आहे का? माझा आक्षेप तेवढ्याने निम्मा तरी कमी होईल.

---

मृण्मयी_गंगापूररोड

विचारते. गोपनीयतेचं कलम अजून सही झालेलं नाही, त्यामुळे सईताई, उद्याच्या बैठकीआधी त्यात हा मुद्दा कसा लिहायचा ते तुम्हाला विचारायचंय. व्यनि करते.